पाच ग्लासांचा लेमन सेट: एका जोकचं पूर्ण प्रकरण

आधी जोक जसा होता तसाच देतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

"आमच्याकडे ना, लग्नात आलेली गिफ्टं कोणी वापरत नाही. पुढच्या लग्नात दुसऱ्याला देऊन टाकतात. असं फिरत फिरत एकदा बऱ्याच वर्षांनी आमचंच गिफ्ट परत आमच्याच घरी आलं."

जोक करणारा मुलगा माझ्या ओळखीतला, पुण्यात दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी ओपन माइकला जातो. त्याची स्क्रिप्ट आम्ही दोघं बसून बघतो. हा जोक त्याला फार आवडायचा आणि लोक मात्र फक्त हसऱ्या चेहऱ्याने बघायचे. विषय ओळखीचा, गंमत खरी, शेवटी कलाटणीसुद्धा आहे, तरी हॉलमध्ये हशा नाही. त्याचं म्हणणं होतं की टायमिंग चुकतंय. मला ते पटत नव्हतं, म्हणून फोनवर केलेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून नीट ऐकलं.

जोक कुठे बिघडलाय हे रेकॉर्डिंगमध्ये बऱ्यापैकी ऐकू येतं. चांगला लाफ एका जागी सुरू होतो, सगळ्यांचा एकदम. इथे तसं नव्हतं. "पुढच्या लग्नात देऊन टाकतात" यावर डावीकडून दोघं "हो हो" म्हणाले, मग "फिरत फिरत"वर कोणीतरी हलकं हसलं, आणि शेवटच्या वाक्यावर पुन्हा तुरळक. म्हणजे लोक हसत नव्हते, ओळख दाखवत होते, "आमच्याकडे पण असंच" एवढंच. आणि ती ओळखही प्रत्येकाची वेगळ्या क्षणी, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं गिफ्ट होतं आणि काहींच्या डोक्यात कुठलंच नव्हतं.

मी विचारलं, गिफ्ट कोणतं होतं? तो लगेच म्हणाला, "लेमन सेट." मग हे बोलत का नाहीस? तर त्याचं उत्तर असं की "गिफ्ट" म्हटलं की ज्याला जे आठवेल ते तो धरेल, जास्त लोकांना लागू होईल. नवीन लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हेच वाटतं आणि जोक पडतो तो बहुतेक वेळा इथेच. सगळ्यांना लागू होणारा शब्द कोणालाच काही दाखवत नाही. ॲलन पाइव्हिओ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं होतं की ठोस वस्तूचा शब्द डोक्यात दोन ठिकाणी बसतो, शब्द म्हणूनही आणि चित्र म्हणूनही, त्यामुळे तो जास्त चांगला लक्षात राहतो. जोकला याचा थेट उपयोग आहे, कारण सुरुवातीला दाखवलेली वस्तू शेवटच्या शब्दापर्यंत लोकांच्या डोळ्यासमोर राहायला लागते. "गिफ्ट" तेवढं टिकत नाही, दुसऱ्या वाक्यातच विरून जातं.

मग आम्ही खात्री करायला बाकीच्या वस्तूही लावून बघितल्या, कारण ठोस आहे म्हणून कुठलीही वस्तू चालते असं नाही. मिक्सर लोक वापरतात, तो फिरत नाही. चांदीचं नाणं कपाटात जातं. चादर फिरते खरी, पण चादरीला मोडायला किंवा कमी व्हायला काही नाही. भिंतीवरचं घड्याळ हे आहेरातलं सगळ्यात फिरतं पात्र, त्यावर आम्ही बराच वेळ अडलो होतो, पण घड्याळ एकतर चालू नाहीतर बंद, अर्धवट असं काही होत नाही. लेमन सेटचं वेगळं आहे. एक काचेचा जग आणि सहा ग्लास, हे सगळ्यांना पाठ आहे, सांगावं लागत नाही. तो फुटतो. तो कोणी वापरत नाही, शोकेसमध्ये नाहीतर माळ्यावर असतो. आणि एका सरबतासाठी अख्खा सेट, हे त्या नावातच जरा गमतीचं आहे. पण मुख्य मुद्दा त्या सहाचा. ही वस्तू स्वतःचा नियम सोबत घेऊन येते, त्यामुळे नियम मोडला की लोकांना आपोआप कळतं.

दुसरं व्हर्जन असं झालं:

"आईबाबांच्या लग्नात एक लेमन सेट आला होता. जग आणि सहा ग्लास. त्यातला एक माझ्याकडून फुटला. आई म्हणाली, बॉक्स कोण उघडून बघतंय? आणि पाच ग्लासांचा तो सेट मावशीच्या नणंदेच्या लग्नात देऊन टाकला. चौदा वर्षांनी माझ्या ताईच्या लग्नात तोच बॉक्स परत आला. आईने लगेच ओळखला, कारण खाली तिनेच पेनाने लिहिलं होतं, 'फुटेल, सांभाळून.' उघडून बघितला. आत ग्लास… सहा."

आणि लोक थांबतात, हसतात, तेवढ्यात तो टॅग, म्हणजे हशावर हशा आणणारी छोटी जोड, टाकतो: "सहावा… स्टीलचा."

हे पहिल्यांदा स्टेजवर गेलं तेव्हा "सहा"वर एक लाफ आला आणि "स्टीलचा"वर त्याच्यापेक्षा मोठा, दोन्ही एकाच जागी, तुटक नाहीत. तोच मुलगा, तोच विषय, टायमिंगवर आम्ही काहीच काम केलेलं नव्हतं.

आता यात आकडा नेमकं काय करतोय ते बघा. जुन्या व्हर्जनमध्ये गिफ्ट "परत आलं", एवढीच कलाटणी होती, आणि गिफ्टं फिरतात म्हटल्यावर ते कधीतरी परत येणार हे लोकांना आधीच कळलेलं असतं. नवीन व्हर्जनमध्ये परत येणं ही फक्त वाट आहे, खरा धक्का पाचाचे सहा होण्यात आहे. आणि तो धक्का "काही ग्लास फुटले होते" असं म्हणून बसतच नाही. काही फुटले होते, परत आला तेव्हा पूर्ण होता, असं म्हणून बघा, वाक्य बरोबर आहे पण कान हिशोब करत नाहीत. पाच म्हटलं की ऐकणारा पाच धरून बसतो, बॉक्स उघडताना त्याला वाटतं आता चार असतील, तीन असतील, सगळं फुटलेलं असेल. कमी होण्याची तयारी झालेली असते आणि आकडा वर जातो. कांटने १७९० मध्ये हसण्याबद्दल लिहिलं होतं की ताणलेली अपेक्षा एकदम फुसकी होऊन जाते तेव्हा हसू येतं. यावर पुढे खूप वाद झाले, पण एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे की फुसकी व्हायला आधी ती अपेक्षा तयार तर झाली पाहिजे, आणि मोघम शब्दांतून ती तयार होत नाही.

स्टीलच्या ग्लासाचं काम आणखी वेगळं. तिथे आधी "वेगळ्या डिझाइनचा" होतं, मग "प्लास्टिकचा" होतं. वेगळ्या डिझाइनचा म्हणजे काय हे दिसत नाही. प्लास्टिकचा दिसतो, पण त्यातून फक्त स्वस्तपणा कळतो. स्टीलचा ग्लास म्हणजे कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून उचललेला, रोज पाणी प्यायचा ग्लास. म्हणजे मधल्या कुठल्यातरी घरात कोणीतरी बॉक्स उघडला, मोजले, पाच निघाले, पाच कसे द्यायचे म्हणून त्या माणसाला अपराधी वाटलं, आणि त्याने घरातला एक ग्लास त्यात घातला. एवढी सगळी गोष्ट एका शब्दात आहे आणि ती तो मुलगा सांगत नाही, लोक स्वतः जुळवतात, म्हणून हशा यायला अर्धा सेकंद लागतो आणि मग जोरात येतो. छोट्या विचित्र वस्तूची खरी ताकद मला इथे वाटते. तिच्या मागे न दिसणारा माणूस उभा असतो.

आकड्यांचंही तसंच आहे. "चौदा वर्षांनी" यावर आम्ही बराच खल केला. "बऱ्याच वर्षांनी" गेलं, मग "दहा", मग "पंधरा" आलं. दहा आणि पंधरा हे अंदाजाने बोललेले आकडे वाटतात, चौदा हा मोजलेला वाटतो. आणि मोजलेला म्हटलं की प्रश्न येतो, कोणी मोजलं? तर आईने. ज्या घरात आहेराची वही आहे, कोणी किती पाकीट दिलं, कोणी भांडं दिलं हे लिहून ठेवलेलं आहे, त्या घरात चौदाच म्हणणार. त्या एका आकड्याने आईचं पात्र तयार होतं, तिच्याबद्दल वेगळं वाक्य लिहावं लागत नाही.

पण मराठीत लिहिताना इथे एक अडचण आहे आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. गोल नसलेले आपले बरेच आकडे वापरून वापरून गोल झालेले आहेत. ११, २१, ५१, १०१ हे आहेराचे आकडे, "मामाने एकशे एक रुपये दिले" यात कोणालाच काही खटकत नाही कारण सगळेच एकशे एक देतात. मामाने ७३ दिले म्हटलं तर मान वर होते, खिशात होते तेवढे दिले की काय असं वाटतं. सतरा तर आणखी अवघड. "सतरा वेळा सांगितलं" म्हणजे खूप वेळा सांगितलं, "सतराशे साठ" म्हणजे असंख्य, त्यामुळे "सतरा वर्षांनी परत आला" म्हटलं की ऐकणाऱ्याला ते मोजलेलं न वाटता वैतागलेलं वाटतं. छप्पनचं तसंच, छत्तीस म्हटलं की भांडण आठवतं. साडेतीनसुद्धा मुहूर्तांमुळे आणि शक्तिपीठांमुळे इतकं कानावरचं झालंय की ते नेमकं वाटत नाही, पावणेचार मात्र वाटतं. म्हणून आकडा निवडताना तो गोल नाही ना एवढंच बघण्यात अर्थ नाही, तो आपल्या बोलण्यात आधीच कुठे राबतोय का ते बघावं. चौदा तसा मोकळा होता. वनवास आठवू शकतो, पण या वाक्यात आठवला तरी बिघडत नाही, लेमन सेटचाच वनवास झाला म्हणायचा.

याचा अर्थ गोल आकडा वाईट असा अजिबात नाही. आचार्य अत्र्यांचं "गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही" हे प्रसिद्धच आहे. तिथे दहा हजाराच्या जागी नऊ हजार आठशे बेचाळीस टाकलं तर मजा जाईल, कारण तिथे गंमत फुगवण्यातच आहे आणि ऐकणाऱ्यालाही माहीत आहे की हे फुगवलेलं आहे. लेमन सेटच्या जोकमध्ये उलट आहे, गोष्ट खरी वाटली पाहिजे. तिथे "शंभर वर्षांनी" चाललं नसतं.

हे जमल्यावर पुढे जे झालं ते जवळजवळ सगळ्यांचंच होतं. त्याला डिटेलची चटक लागली. पुढच्या व्हर्जनमध्ये लेमन सेट लक्ष्मी रोडवरून घेतलेला, दोनशे पंच्याऐंशी रुपयांचा, ग्लासवर पिवळी लिंबं आणि दोन हिरवी पानं, कागद गुलाबी, लग्न दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, असं सगळं आलं आणि लाफ निम्म्यावर. तो गोंधळला, म्हणाला तूच सांगितलंस ना स्पेसिफिक हो.

झालं असं की सेटअपमधला, म्हणजे हशाच्या आधीच्या मांडणीतला, प्रत्येक आकडा ऐकणारा कामाचा समजून उचलून ठेवतो. दोनशे पंच्याऐंशी ऐकलं की त्याला वाटतं किमतीवर काहीतरी येणार. दुसरा मजला ऐकला की वाटतं जिन्यात काहीतरी फुटणार. तसं काही येत नाही, आणि एवढं सगळं धरून बसण्यात तो पाच हा आकडा सोडून देतो, जो खरं तर धरायचा होता. मग "सहा" आल्यावर त्याला आठवायला लागतं की आधी किती होते, आणि तेवढ्या वेळात जोक संपतो.

आम्ही एकेक डिटेल काढून बघितलं. काढल्यावर पंच, म्हणजे शेवटचा हसवणारा धक्का, मोडतो का? "पाच" काढा, मोडतो. "स्टीलचा" काढा, मोडतो. पंच मोडत नसेल तर त्या डिटेलमधून कोणी माणूस दिसतो का? "फुटेल, सांभाळून" यातून आई दिसते, वर तिने बॉक्स ओळखला कसा याचा पुरावाही तोच आहे, म्हणून तो राहिला, आणि त्यावर मधेच एक छोटा लाफ येतो कारण आत आधीच फुटलेलं आहे आणि बाहेर सांभाळून लिहिलंय. गुलाबी कागद यातलं काहीच करत नव्हता, गेला. किंमत गेली, मजला गेला. पानं काढताना त्याला वाईट वाटलं, पण तीही गेली.

वाक्यरचनेचं थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि ते पंचच्या अंगावर बसतं. "आत सहा ग्लास होते" असं म्हटलं की आकडा मधे येऊन जातो, लोक हसायला लागतात तेव्हा हा अजून "ग्लास होते" म्हणतोय. म्हणून "आत ग्लास… सहा." "होते" कापलं. "सहावा स्टीलचा होता" मधलंही "होता" कापलं. बोलताना मराठी माणूस असं क्रियापद सोडतोच, त्यामुळे ते कृत्रिम वाटत नाही. डिटेल कितीही चांगलं असलं तरी ते वाक्याच्या शेवटी उघडं राहिलं पाहिजे.

एक टॅग आम्ही ठेवला आणि बदलला. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव कोरायची पद्धत आहे, त्यामुळे स्टीलचा ग्लास आला की त्यावर नाव असणार हे ओघानेच आलं. पहिल्यांदा त्याने तिथे खऱ्या मावशीचं पूर्ण नाव आडनावासकट घेतलं. कानाला ते छान होतं, पण घरचं कोणी बसलेलं असतं तर तिची नाहक बदनामी, आणि अनोळखी लोकांना त्या नावातून काही मिळतही नव्हतं. आता तो म्हणतो, "बुडाशी नाव कोरलेलं होतं… मावशीचं." नात्यानेच काम होतं, कारण ज्या मावशीच्या नणंदेला सेट दिला होता तीच मावशी हे लोकांच्या लक्षात असतं आणि हिशोब तिथे मिटतो. डिटेल नेमकं असावं याचा अर्थ खऱ्या माणसाला ओळखता यावं असा नाही. डिटेल खरंच घडलेलं असायला पाहिजे असंही नाही, त्याच्या घरात खरं तर दोन ग्लास फुटले होते, पण दोन फुटले म्हटलं की चार आणि सहा असं दोन टप्प्यांचं गणित होतं, म्हणून एकच.

हा जोक कुठे पडतो तेही सांगतो. एका कॉलेजच्या कार्यक्रमात समोर एकोणीस-वीस वर्षांची पोरं, त्यांना लेमन सेट माहीतच नाही. सहाचा नियम डोक्यात नसल्यामुळे पाचाला काही वजन येईना. तिथे त्याने आधी एक वाक्य वाढवलं, "लेमन सेट म्हणजे शोकेसमध्ये ठेवलेला जग आणि सहा ग्लास, ज्यातून आजपर्यंत कोणीही काहीही प्यायलेलं नाही." त्या वाक्याने जोक तरला, पण लाफ सोसायटीच्या गणपतीच्या कार्यक्रमात आला तेवढा नाही आला, तिथे तर "लेमन सेट" एवढ्या दोन शब्दांवरच पहिल्या रांगेतल्या काकू हसल्या होत्या. वस्तू जितकी नेमकी तितकं तिचं वर्तुळ लहान, हे मान्य करून चालावं लागतं. माझ्या मते वर्तुळ मोठं करायला वस्तू मोघम करण्यापेक्षा एक वाक्य खर्च केलेलं बरं.

सध्या तो लग्नाच्याच दुसऱ्या बिटवर काम करतोय. त्यात आधी होतं, "मामा तेवीस मिनिटं उशिरा आला," आणि त्यावर कोणी हसेना. आकडा नेमका आहे, विषम आहे, पण त्या गोष्टीत घड्याळ बघणारं कोणीच नाही, मग तेवीस मोजले कोणी? तो आकडा लेखकाने वरून चिकटवलेला होता आणि लोकांना ते कळतं. मग त्याला आठवलं की लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त आधीच मिनिटासकट छापलेला असतो, तिथे आकडा चिकटवावा लागत नाही. आता बिट असं आहे: "पत्रिकेत छापलंय, दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटं. छत्तीस नाही, अडतीस नाही, सदतीस. गुरुजींनी त्या एका मिनिटाचे वेगळे पैसे घेतलेत. आणि लग्न लागलं… दीड-पावणेदोनच्या सुमारास." इथे पंच मोघम आहे आणि तोच हसवतोय, कारण त्याच्या आधी सदतीस उभा आहे. "सुमारास" कापून "एक वाजून एकोणपन्नास मिनिटांनी" असंही त्याने एकदा करून बघितलं, पडलं, दुसऱ्या दिवशी "सुमारास" परत आलं.